दुमडलेले कोपरे

अब्बांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. लोक त्यांच्या हातच्या कागदाची आठवण काढतात. मला मात्र बोर्डाच्या चौकशीच्या खिडकीपाशी ताठ उभे असलेले अब्बा आठवतात.

जुन्नरात आमच्या घरी हातकागद होई. ताव मोजताना खालचा कोपरा नखाने किंचित दुमडायचा, म्हणजे तो मोजून झाला. ही सवय माझ्या बोटांत होती. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराला मी पुरवणीची पाने मोजून बांधली आणि नकळत सगळे कोपरे दुमडले. निकालात माझ्या नावापुढे ‘राखीव’ आले. मग पत्र आले, की उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण आढळल्याने परीक्षा रद्द करण्यात आली आहे. मला कुणी काही विचारले नव्हते.

आम्ही पुण्याला गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, फेरमोजणीच्या अर्जात फक्त बेरीज तपासतात. हा बोर्डाच्या गैरप्रकार समितीचा विषय आहे, अर्ज हेडमास्तरांमार्फत करा. मग आवाज उतरवून त्याने सुचवले, की माफी लिहून दिली तर ऑक्टोबरला बसू देतील.

“माफी कशाची लिहू, साहेब?” अब्बा म्हणाले. “आधी गुन्हा तर दाखवा.”

हेडमास्तरांनी अर्ज पाठवला. समितीने आम्हाला न बोलावताच एका ओळीत कळवले, की निर्णय कायम आहे. अब्बांनी हायकोर्टात जायचे काढले, तसे गावात सल्ले सुरू झाले. चुलते हसून म्हणाले, “पोरीच्या मॅट्रिकसाठी मुंबईचं हायकोर्ट? लई झालं राव.” हेडमास्तरही माफीच्याच बाजूचे होते. अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, माफी लिहिणार नाही.

पुण्याच्या वकिलांनी आधीच बजावले, की कोर्ट पेपर तपासत नाही, मार्क देत नाही; शिक्षा करण्याआधी तुझे म्हणणे ऐकले का, एवढेच विचारील. मी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची होते, म्हणून हायकोर्टातला अर्ज अब्बांनी पालक या नात्याने केला. ऑक्टोबर गेला, मार्चही गेला. माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजात पोचल्या.

कोर्टाने तेवढेच विचारले. ऐकले नव्हते, हे बोर्डाच्या वकिलांना कबूल करावे लागले. आदेश रद्द झाला, आणि मुलीचे ऐकून मगच पुन्हा ठरवा, असे समितीला सांगण्यात आले.

समितीपुढे अब्बांना आत सोडले नाही. टेबलामागे तिघे होते. माझी उत्तरपत्रिका त्यांनी पुढे सरकवली. मी कोरे कागद मागितले आणि त्यांच्यासमोर मोजले. कोपरे आपोआप दुमडत गेले.

“परीक्षकाला ओळख पटावी म्हणून हे नव्हतं?” एकाने विचारले.

“मला ओळखणारा परीक्षक असता, सर, तर गणित एवढं घोटून कशाला केलं असतं?”

तो हसला नाही. शेजारचा हसला.

आठवड्याने निकाल आला. दुसरा वर्ग. दीड वर्ष फुकट गेले, असे चुलते अजून म्हणतात. मी त्यांना काय म्हणायचे ते म्हणू देते.