निराशेचा रकाना

आमच्या कारखान्यात प्रत्येक कामाला आठ तास लागत. पंप उघडायचा असो, पट्टा बदलायचा असो, की बॉयलरची नळी वेल्ड करायची असो, कुणालाही विचारा, उत्तर एकच: "आठ तास." कारण पाळी आठ तासांची. अंदाज सांगायला यापेक्षा जास्त डोकं चालवण्याची गरज आमच्याकडे कुणालाच वाटली नव्हती, आणि कामं अर्थातच आठ तासांत कधी होत नसत.

कारखाना खालापूरच्या पुढे, खोक्यांचा जाड कागद बनवणारा. मी तिथे नियोजनाच्या कामाला होते. भिसेगावातून सकाळी कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर इतरांच्या आठ तासांची बेरीज करायची. वर्षातून एकदा मशीन पूर्ण बंद ठेवून मोठी दुरुस्ती व्हायची. त्याला सगळे शटडाउन म्हणत. त्याचं वेळापत्रक माझ्याकडे.

त्या वर्षी मुख्य काम होतं वाळवणीच्या एका सिलेंडरचं बेअरिंग बदलण्याचं. पोटात वाफ खेळवलेले हे माणसापेक्षा उंच लोखंडी सिलेंडर. ओला कागद त्यांच्यावरून फिरत फिरत वाळतो. एकाचं बेअरिंग कुरकुरायला लागलं होतं.

शटडाउनच्या आधी पुण्याहून एक सल्लागार आला. त्याने दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवली. त्यातली निम्मी बाणांची होती. पण एक गोष्ट त्याने खरोखर कामाची सांगितली. एका कामाला एक आकडा विचारू नका, तीन विचारा. सगळं सुरळीत झालं तर किती तास, एरवी साधारण किती, आणि सगळं बिनसलं तर किती. मधल्या आकड्याची चौपट करा, त्यात दोन्ही टोकं मिळवा, सहाने भागा. तो अपेक्षित वेळ. दोन टोकांमधल्या फरकाला सहाने भागलं की त्या कामाचा काही भरवसा आहे की नाही ते कळतं.

आमचे कारखानाप्रमुख साहेब पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होते. चित्रपटगृहातही ते अशीच मान डोलावत असावेत.

मी सगळ्या विभागांना आशावादी, साधारण आणि निराशावादी अशा तीन रकान्यांचे कागद वाटले. इलेक्ट्रिकलच्या प्रमुखांनी प्रत्येक कामापुढे आठ, आठ, आठ असं लिहून परत पाठवलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "आम्ही आशावादी नाही, निराशावादी पण नाही. आम्ही वास्तववादी आहोत." दुसऱ्या एकाने सात, आठ, नऊ लिहिलं होतं. त्याच्या आयुष्यात बिनसणं म्हणजे एक तास उशीर. ज्या माणसाची मोटर मागच्याच वर्षी चुकीच्या मापाची आली होती आणि दोन दिवस खोळंबून राहिली होती, त्याने हे लिहिलं.

शेवटी मी फोरमनमामांकडे गेले. मामा पोशीरचे. मशीनच्या फिटरांचे मुख्य, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. त्यांनीही आधी "आठ तास" म्हणून टाकलं.

"मामा, पाळी विसरा. जुनं बेअरिंग काढायचंय. सगळं नीट झालं तर?"

"नीट म्हंजे स्लीव्ह सुटली तर?" बेअरिंग शाफ्टवर ज्या लोखंडी बाहीवर बसतं, ती स्लीव्ह. "सा तास."

"एरवी?"

"धा."

"आणि पार वाटोळं झालं तर?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "कधीचं वाटोळं इचारतीस गं ताई? झालेलं का व्हनारं?"

"झालेलं."

"मंग अडतीस लिव. स्लीव्ह शाफ्टला अशी चिकटली व्हती, जनू तिथंच उगवली. ती वडून काडायचा पुलर तुटला. दुसरा आनायला मानूस मुंबईला. मंग गॅसनं कापली, ती पन जपून, शाफ्टाला धग लागाया नको. अडतीस तास. कुनी लिवलं नाय, पन मी तितंच व्हतो."

बाकीची चार कामंही त्यांनी अशीच सांगितली, घडलेल्या गोष्टींवर बोट ठेवून. मशीन थंड करून वाफ आणि वीज बंद करणं: चार, सहा, आठ. नवं बेअरिंग बसवणं: आठ, दहा, अठरा. सिलेंडर रेषेत आणणं: पाच, आठ, सतरा. वाफ सोडून चाचणी: चार, पाच, बारा. ही पाचही कामं एकामागोमाग एकच होणार होती. बाकी सगळी दुरुस्ती बाजूने चालू राहिली तरी मशीन यांच्यासाठीच थांबणार होतं.

मी हिशेब केला. साधारण आकड्यांची बेरीज एकोणचाळीस तास. अपेक्षित वेळ मात्र सेहेचाळीस. फरक मुख्यतः त्या अडतीसमुळे. बेअरिंग काढायला दहा नाही, चौदा तास धरावे लागत होते. आणि अनिश्चितता सुमारे सहा तासांची. म्हणून मी बावन्न तास मागितले. सहा वेळा असं शटडाउन केलं तर पाच वेळा बावन्न पुरतील, असं टिपणात लिहिलं. तक्ता साहेबांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चेहरा प्रसन्न.

"हा निराशावादी रकाना कशाला? हेड ऑफिसला हे पाठवायचं? आपल्या कंपनीत निराशा चालत नाही. मी तो पुसून टाकला." मग पडदा माझ्याकडे वळवला. "आणि बघ, साडेतीस तास झाले! निराशा काढली की काम कसं उरकतं."

मी चौकटी तपासल्या. त्यांनी रकान्यातले आकडे पुसले होते, सूत्र तसंच होतं. रिकाम्या चौकटीला संगणक शून्य समजतो.

"साहेब, याचा अर्थ असा होतो की सगळं बिनसलं तर बेअरिंग शून्य तासांत निघेल. सगळं नीट झालं तर सहा तास, आणि वाटोळं झालं तर काहीच वेळ नाही. म्हणून सरासरी खाली आली. साधारण आकड्यांचीच बेरीज एकोणचाळीस आहे. साडेतीस कसे होतील?"

साहेबांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून दिसलं. पण आकडा सुंदर होता.

"मी हेड ऑफिसला सांगून टाकलंय," ते म्हणाले. "टीमला जरा आव्हान पाहिजे. तक्ता छापून लाव."

आणि मी छापला. हे लिहायला मला आवडत नाही. हेड ऑफिसला दोन ओळी लिहिता आल्या असत्या, निदान त्या कागदावर माझं नाव घालायला नकार देता आला असता. मी तो रंगीत छापला, लॅमिनेट केला आणि मशीनशेजारच्या फळ्यावर चिकटवला. रंग छान आले होते. मामा चष्मा लावून वाचत होते.

"बेअरिंग काडाया पावनेआठ तास? ह्ये कुनी सांगितलं?"

"संगणकाने."

"मंग त्यालाच बोलव," मामा म्हणाले. "पाना धराया."

मंगळवारी सकाळी सहाला मशीन बंद झालं. थंड व्हायला सहाऐवजी सात तास गेले. मग स्लीव्ह. ती अडतीसच्या वेळेसारखी उगवलेली नव्हती, पण हलतही नव्हती. या वेळी पुलर मात्र दोन होते. माझ्या टिपणातली तुटलेल्या पुलरची गोष्ट एकट्या स्टोअरवाल्याने वाचली होती आणि दुसरा आधीच मागवून ठेवला होता. तरी बावीस तास लागले. बुधवारी अकराला बेअरिंग बाहेर आलं, तेव्हा फिटरांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत. तिथेच बसून पाणी प्यायले.

दीड तासाने साहेबांचे साडेतीस तास संपले. माल भरायला बोलावलेले ट्रक दुपारी दोनपासून यायला लागले. फाटकापासून जुन्या हायवेवर लोधिवलीच्या बाजूला रांग लागली. भरायला कागद नव्हता. दिवस मावळायच्या आत ड्रायव्हरांनी ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवायला घेतला. मला वाटतं त्या दोन दिवसांत वेळेवर झालेलं ते एकमेव काम.

साहेब एकच्या सुमारास खाली आले होते. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट.

"बेअरिंग बसल्यावर ते रेषेत आणायचं काम पुढच्या वेळी केलं तर? आठ तास वाचतील."

मामा हात पुसत उभे राहिले. "रेषेत नाय आनला तर नवं बेअरिंग म्हैन्यात जाईल सायेब."

"बघू तेव्हा."

"बरं." मामांनी माझ्या हातातली कामाची वही घेतली, कोरं पान काढलं आणि पेनासकट पुढे केलं. "हितं लिवा, तुमी सांगितलं म्हनून केलं नाय. खाली सही."

साहेबांनी पान पाहिलं, पेन पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग त्यांना एक फोन आठवला. ते वर गेले ते त्या दिवशी परत खाली आले नाहीत.

काम आपल्या वेळेने झालं. बसवायला दहा, रेषेत आणायला नऊ, चाचणीला पाच. गुरुवारी सकाळी अकराला पहिला कागद निघाला. त्रेपन्न तास.

शनिवारी आढावा बैठक झाली. वेळापत्रकाचा दोष कुणाचा, हे ठरवायला जमलेल्या अकरा माणसांपैकी नऊजणांनी शटडाउनमध्ये मशीनजवळ पाऊल टाकलं नव्हतं. इलेक्ट्रिकलच्या वास्तववाद्यांनी फिटरांमध्ये तळमळ कमी पडली असं सांगितलं. मग साहेब बोलले. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: साडेतीस आणि बावन्न. पुढे तिसरा, त्रेपन्न.

"माझा अंदाज चुकला, मी मान्य करतो," ते मोठ्या मनाने म्हणाले. "पण नियोजन विभागाचाही चुकला. दोघांचाही चुकला. म्हणजे या पद्धतीतच काही अर्थ नाही."

माझी सोडून बाकी माना डोलल्या. साडेबावीस तासांची चूक आणि एका तासाची चूक एकाच मापात बसली. मी म्हणाले, बावन्न पुरतील असं मी लिहिलंच नव्हतं, सहातून पाच वेळा पुरतील असं लिहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, "शब्दांचे खेळ नकोत." चहा आला.

बैठकीनंतर मी मामांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"येक तास चुकलीस?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं. "लाज वाटाया पायजेल गं."

मग कोपऱ्यातलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. लिवून घे. सात तास थंड व्हायला, कारन झडप गळत व्हती. बावीस तास स्लीव्ह, त्यातले चार नुसती गरम करन्यात. नीट लिव, पुढल्या साली मी असंन का नाय म्हाईत नाय."

मी वही उघडली. मामा सांगत गेले, मी तास आणि कारणं उतरवत गेले, झडपेपासून सुरुवात करून.