शिवलीलाबाईंची तिसरी पायरी

आमच्या प्रशिक्षण केंद्रात हसरा चेहरा फार स्वस्त आहे. शिबिर संपलं की प्रत्येकाच्या हातात एक कागद पडतो. त्यावर पाच चेहरे छापलेले असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि लोक घरची बस गाठायच्या घाईत हसऱ्यावर खूण करून निघून जातात. त्या खुणांची सरासरी काढायचं काम माझं. मी, शंतनू, या केंद्रात सांख्यिकी सहायक आहे. इतक्या वर्षांत एकाही शिबिराला रडका चेहरा मिळालेला मी पाहिला नाही. जेवणात मीठ नव्हतं त्या दिवशीसुद्धा नाही.

हा कागद बघून शिवलीलाबाई मात्र कधी खूश झाल्या नाहीत. त्या आमच्याकडच्या मुख्य प्रशिक्षक. मूळच्या मुरुमच्या, उभी हयात बाळंतपणाच्या खोल्यांत काढलेली नर्स. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, हे त्या जिल्हाभरातल्या नर्सेसना शिकवायच्या. बाळ पुसायचं, पाठ चोळायची, मान किंचित मागे ठेवायची, तोंडात घाण असेल तर काढायची. तरीही श्वास घेत नसेल तर मिनिटाच्या आत नाकातोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबायची. "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." हे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ झालंय.

"शंतनू, हा कागद म्हणजे पहिली पायरी," त्या म्हणायच्या. "आवडलं का, एवढंच कळतं. शिकल्या का, ते बाहुलीवर करून घेतल्यावर कळतं, ती दुसरी. आपापल्या दवाखान्यात जाऊन तसं करतात का, ती तिसरी. आणि त्यानं बाळं वाचली का, ती चौथी. तुमचे साहेब दुसरीवरून उडी मारून चौथीवर जातात. मधली गाळली की पाय मोडतो."

साहेब, म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, वाईट नव्हते. वरून चौथ्या पायरीचे आकडे मागितले जायचे, ते बिचारे पाठवायचे. पहिल्या दोन पायऱ्यांचे कागद केंद्रातच मिळायचे. तिसरीसाठी मात्र जीप लागायची, डिझेल लागायचं आणि बघायला डोळे लागायचे. बाईंनी भांडून वर्षभराच्या भेटी मंजूर करून घेतल्या, आणि नोंदी ठेवायला मला बरोबर घेतलं.

लोहाऱ्याच्या बाजूला एक लहानसं रुग्णालय आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत. तिथल्या राजनंदिनी नावाच्या तरुण नर्सनं शिबिराच्या परीक्षेत सगळ्या जिल्ह्यात पहिला नंबर काढला होता. मुलगी येरमाळ्याची, बोलायला मोकळी, हात चपळ. आम्ही कळवून गेलो तेव्हा सगळं लग्नघरासारखं सजलेलं होतं. बाळाला ऊब देणाऱ्या पलंगावर स्वच्छ दुपटी आणि उशाशी पिशवी आणि मास्क. राजनंदिनीनं बाहुलीवर करून दाखवलं, एक बोट चुकलं नाही. मी यादीतल्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या.

परतताना बाई म्हणाल्या, "मास्कवरचं कंपनीचं लेबल बघितलंस?"

"नवंकोरं होतं की."

"तेच म्हणते. सहा महिन्यांत त्या खोलीत इतकी बाळंतपणं झाली. एकदा जरी वापरलं असतं आणि धुतलं असतं, तर लेबल राहिलं असतं का?"

मला वाटलं, बाई उगाच शंका काढतात. त्यांचा तो स्वभावच होता, तुपातसुद्धा खडा शोधायचा. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी न कळवता जायचं ठरवलं, आणि मी निमूट जीपमध्ये बसलो.

दुपारची वेळ होती. बाई डॉक्टरांच्या खोलीत बोलत होत्या आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. बाळंतपणाच्या खोलीतून एक मावशी धावत बाहेर आली आणि मागच्या क्वार्टर्सकडे पळत सुटली. "गौराबाई, किल्ली द्या, किल्ली," असं ओरडत. गौराबाई म्हणजे तिथल्या इन्चार्ज सिस्टर, त्या जेवायला घरी गेल्या होत्या. काय झालंय हे मला कळायच्या आत शिवलीलाबाई माझ्यासमोरून आत गेल्या होत्या, डॉक्टर त्यांच्या मागे.

आत काय झालं ते बाईंनीच मग सांगितलं. मुलगी जन्मली होती, निळी, सैल पडलेली. राजनंदिनीनं पुसलं होतं, पाठ चोळली होती, तोंड साफ केलं होतं, मान अगदी बरोबर ठेवली होती. पुढची पायरी पिशवीची, आणि पिशवी भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद. म्हणून ती पुन्हा पाठ चोळत होती, आणि पुन्हा चोळत होती. बाईंनी बाळाच्या तोंडावर गॉजचं फडकं ठेवून आपल्याच तोंडानं श्वास द्यायला सुरुवात केली. गौराबाई उष्ट्या हातानं किल्ली घेऊन आल्या, कुलूप उघडलं, पिशवी हातात आली. मुलगी रडली, पण फार उशिरा रडली. रुग्णवाहिकेतून तिला धाराशिवला नवजात बाळांच्या कक्षात पाठवलं.

रुग्णवाहिका गेल्यावर मी आत डोकावलो, तेव्हा जिल्ह्यात पहिली आलेली राजनंदिनी हात बाजूला धरून उभी होती. ते हात मी विसरू शकत नाही.

"मला तोंडानं द्यायचं सुचलं न्हाय, बाई," ती म्हणाली. "पिशवी घ्या, एवढंच डोक्यात होतं. पिशवी घ्या, पिशवी घ्या."

"कसं सुचंल? मी शिकवताना पिशवी कायम तुझ्या हाताशीच ठेवली होती," शिवलीलाबाई म्हणाल्या. "कुलूप शिकवलंच न्हाय मी."

गौराबाई कपाटाला टेकून बसल्या होत्या. मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला सांगू. वाटलं, या बाईला चार खडे बोल सुनवावेत. पण शिवलीलाबाई त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"किल्ली घरी का न्यायची, गौराबाई?"

"मागली पिशवी गेली ना चोरीला," गौराबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्या नावावर होती. खुलासा मागितला, वर्षभर हेलपाटे घातले म्या. आता मार्चला नोकरीतून सुटणार. एक वस्तू जरी कमी भरली, तर काही बाकी नसल्याचा दाखला अडवतात, पेन्शन अडकती. म्हणून जपून ठेवली. भेट असली की काढायची. मला वाटलं, लागंल तवा देईनच की."

"दिलीत. पण मिनिटाचा खेळ हाय तो."

"व्हय. आता कळलं."

माझा संतापही कुठं जिरला कळलं नाही. चूक कोणाची लिहायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. जीपमध्ये मी तो बाईंना विचारला.

"माणसाचं नाव लिहू नको," त्या म्हणाल्या. "लिही की पहिली पायरी उत्तम, दुसरी उत्तम, तिसरी शून्य. आणि कारण लिही. वस्तू हरवली तर शिक्षा आहे, आणि न वापरली तर काहीच नाही. असं असल्यावर कोण वापरील?"

तसंच लिहून मी अहवाल साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गंभीर आहे. ताबडतोब उजळणी प्रशिक्षण लावा. राजनंदिनीला पहिल्या तुकडीत घ्या."

"साहेब, तिला येतं," बाई म्हणाल्या. "तिला पुन्हा शिकवून काय होणार? पिशवी कपाटाच्या बाहेर काढायचा आदेश द्या. हरवली, फाटली तर सिस्टरवर येणार नाही, एवढं लिहून द्या."

"तो भांडार विभागाचा विषय आहे, बाई. माझ्या हातात प्रशिक्षण आहे."

"म्हणून रोग कुठलाही असो, औषध तेच द्यायचं?"

साहेब ओशाळले, पण आदेश काही निघाला नाही. उजळणीची तारीख तेवढी निघाली.

यापुढं बाईंनी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. त्या एकेका रुग्णालयात गेल्या आणि तिथल्या इन्चार्ज सिस्टरला हातपावती लिहून दिली: ही पिशवी आणि मास्क माझ्या ताब्यात समजावेत, गहाळ झाल्यास जबाबदारी माझी. मी समजावून पाहिलं. म्हटलं, तुम्हालाही दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय, तुमचा दाखला अडकला तर? त्या म्हणाल्या, "अडकू दे. मला काय, रांगेत बसायची सवय आहे." हे त्या हसत म्हणाल्या, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नसेल, असं मला वाटतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि पुढची सगळी मदार त्या पेन्शनवरच होती.

पिशव्या मात्र बाहेर आल्या. न कळवता गेलो तरी पलंगाच्या उशाशी दिसायला लागल्या, धुऊन धुऊन तेज गेलेल्या, लेबलं निघालेल्या. अशी जुनाट वस्तू बघून बाईंचा चेहरा खुलायचा. दोन हरवल्याही. त्यांचे खुलासे बाईंच्या नावानं आले, आणि त्यांनी ते एकेक करून लिहिले.

वर्षाच्या शेवटी मी चौथ्या पायरीचा तक्ता केला. श्वास कोंडून दगावलेली बाळं खरोखरच कमी झाली होती. साहेब आनंदले. पुढं ढकलत ढकलत तेव्हा भरलेल्या उजळणीच्या शिबिरातच त्यांनी तो तक्ता पडद्यावर लावला आणि प्रशिक्षणाचं यश म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाई टाळ्या न वाजवता बसून होत्या. पावसाळ्यात आजारही कमी होते, त्याचं काय, पिशवीमुळं किती आणि इतर कशामुळं किती, असं त्या मला नंतर विचारणार, हे मी ओळखून होतो.

चहाच्या वेळी राजनंदिनी आमच्याजवळ आली. बाईंच्या पाया पडली.

"पिशवी बाहेरच असती आता," ती म्हणाली. "तिघांना दिला श्वास. तिघंबी घरी गेली."

"आणि ती पहिली पोरगी?" बाईंनी विचारलं.

राजनंदिनीनं कप खाली ठेवला. "हाय. तिची आई लसीला घिऊन येती. वर्षाची व्हायला आली, पर मान धरत न्हाय अजून. हाक मारली तर बघत न्हाय. आई मला विचारती, सिस्टर, कवा बसंल ही? म्या काय सांगू, बाई?"

शिवलीलाबाईंनी पडद्यावरच्या तक्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ती कुठल्या रकान्यात आहे रे?"

"वाचलेल्यांच्या," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, पदर खोचला आणि राजनंदिनीला विचारलं, "तिच्या गावाला जायला गाडी किती वाजता आहे?"