बत्तीस झाकणं कुठून आणू?

भाईंदर पूर्वेच्या आमच्या कारखान्यात स्टीलचे डबे बनतात. मी तिथे पॅकिंगवर दिवसभर उभा असतो. गुडघे दोन्ही कुरकुरतात, पण उजवा जास्त बोलका आहे. त्यामुळे क्वालिटीच्या खोलीतली जागा रिकामी होणार असं कळलं, तेव्हा मला आधी तिथली खुर्ची दिसली. पाठ असलेली खुर्ची. पगार, मान वगैरे नंतर आठवलं, हे कबूल करतो.

मालकांची अट एकच होती: गुणवत्ता तपासणीचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट आणायचं. आम्ही दोघांनी नाव घातलं. दुसरा माझा पॅकिंगवरचा जोडीदार, तारोडीहून रोज बसने येणारा. खुर्चीवर त्याचाही डोळा होता, पण त्यावरून आमच्यात कटुता नव्हती. तो म्हणायचा, "तू बस नायतर मी बसतो, डबा दोघांनी मिळून तिथंच खाऊ."

शेवटच्या परीक्षेत दहा प्रश्न, पास व्हायला आठ बरोबर हवेत, संधी एकच. उत्तर चौकटीत टाकायचं, तपासायचं काम यंत्राचं. मी पूनम सागर वसाहतीतल्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून परीक्षा दिली. बायको समोर मेथी निवडत होती. निकाल लगेच आला. सात.

"किती?" तिने विचारलं.

"सात."

"मग एक कुठे गेला?"

हे तिने मेथीतल्या काडीबद्दल विचारावं तसं विचारलं. मी चुकलेली उत्तरं उघडली. दोन खरोखर चुकली होती, त्याबद्दल वाद नाही. तिसरं होतं आठव्या प्रश्नाचं. दिवसपाळीत शंभर झाकणं बनली, दहा बाद झाली, म्हणजे दहा टक्के. रात्रपाळीत नऊशे बनली, अठरा बाद झाली, म्हणजे दोन टक्के. दोन्ही पाळ्या मिळून बाद किती टक्के? मी लिहिलं होतं २.८. यंत्राचं म्हणणं होतं ६.

मी इंग्रजीत मेल लिहायला बसलो. कोर्स शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. पहिला मसुदा 'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' असा सुरू झाला आणि चौथ्या ओळीपर्यंत क्षमाच चालली होती.

बायकोने ओणवून वाचलं. "अहो, तुम्ही तक्रार करताय की प्रायश्चित्त घेताय? झाकणांचं कुठे आहे यात?"

मग सरळ लिहिलं. त्याचं मराठी साधारण असं होईल:

'मॅडम, प्रश्न आठमध्ये माझं उत्तर २.८ चूक धरलं आहे. कृपया पुन्हा पाहावं. दोन्ही पाळ्यांत मिळून हजार झाकणं बनली. बाद झाली दहा अधिक अठरा, म्हणजे अठ्ठावीस. हजारात अठ्ठावीस म्हणजे २.८ टक्के. उत्तरसूचीतलं सहा हे दहा आणि दोन यांची सरासरी काढून आलेलं दिसतं. ती सरासरी दोन्ही पाळ्यांत सारखाच माल बनला असता तर चालली असती. इथे रात्रपाळीत नऊपट माल आहे. सहा टक्के खरं मानलं, तर साठ झाकणं बाद व्हायला हवीत. प्रश्नातच अठ्ठावीस दिली आहेत. उरलेली बत्तीस मी कुठून आणू?'

शेवटचं वाक्य बायकोचं. मला उद्धट वाटलं होतं, पण तिने काढू दिलं नाही.

पाठवण्याआधी मी सवयीने सगळी परीक्षा वरपासून वाचली. मी घराचं कुलूपही तीनदा ओढून पाहतो. आणि प्रश्न तीनपाशी माझा हात थांबला. तीन पुरवठादारांचा माल, बाद तीन, सहा आणि नऊ टक्के, प्रत्येकाचे नग वेगळे, सगळ्यात मोठा लॉट तीन टक्केवाल्याचा. एकूण बाद किती? मी बिनदिक्कत सहा लिहिलं होतं आणि यंत्राने बरोबर म्हणून हिरवी खूण केली होती. कारखान्यात आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. शनिवारी प्रत्येक पाळीचे टक्के घ्यायचे, बेरीज करायची, भागायचं, मालकांना सांगायचं. कोणी नग विचारत नाही. आठव्या प्रश्नात शंभर आणि नऊशे इतके उघडेनागडे समोर होते म्हणून मला अक्कल आली. तिसऱ्यात आली नाही. नग धरले तर तिथलं उत्तर साडेचार येत होतं.

म्हणजे आठव्याचा गुण मिळाला, तर त्याच न्यायाने तिसऱ्याचा जायला हवा. पुन्हा सात.

"सांगू नका," बायको म्हणाली.

"पण मुद्दा तोच आहे गं."

"मुद्दा असू दे. गुडघा कोणाचा आहे?"

मी पंधरा मिनिटं गुडघ्याची बाजू ऐकून घेतली. शेवटी मेलखाली लिहिलं: 'याच कारणाने प्रश्न तीनचं सूचीतलं उत्तर, आणि माझंही, चूक आहे.' बायकोने मेथी धुवायला नेली. जाताना म्हणाली, "तुमच्या हातात फाशीचा दोर दिला तर आधी गाठ नीट बसलीय का बघाल."

दोन दिवसांनी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं की दोन्ही ठिकाणी तुमचं म्हणणं बरोबर आहे, उत्तरसूची दुरुस्त केली आहे, आणि सूची बदलल्यावर यंत्र सगळ्यांचे गुण आपोआप पुन्हा मोजतं. तुमचे गुण सातच राहतात. मात्र चूक आमची असल्यामुळे, आता आठच्या खाली असलेल्या सगळ्यांना नव्या प्रश्नांवर एक संधी देतो आहोत.

मी हुश्श केलं. 'सगळ्यांना' या शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी पॅकिंगवर कळला.

जोडीदार आदल्या आठवड्यात बरोब्बर आठ गुणांवर पास झाला होता. सर्टिफिकेट फोनवर सगळ्यांना दाखवूनही झालं होतं. त्याने तिसऱ्यात सहा लिहिलं होतं आणि आठव्यातही सहाच. दोन्ही गेले. त्याच्या फोनवर मेल आला होता: सर्टिफिकेट स्थगित, कृपया परीक्षा पुन्हा द्यावी.

"कुठल्या तरी दीडशहाण्याने मेल केलाय," तो म्हणाला. "हात तुटो त्याचा."

गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "मीच तो."

त्याने हातातला डबा खाली ठेवला. "तुला गुण मिळाला?"

"नाही. सातच."

"म्हणजे स्वतःचा फायदा न्हाय, आणि मला पाडलंस?" त्याने डबा पुन्हा उचलला. "असला शत्रू मी तरी पाह्यला न्हाय."

त्यानंतर रोज दुपारी मी त्याला जेवणाच्या सुट्टीत शिकवत होतो. आधी टक्के नाही, आधी नग मोजायचे. सगळे नग एकत्र, सगळा बाद माल एकत्र, मग भागाकार. त्याला समजायचं. पण पाळीची घंटा झाली की तो पुन्हा टक्क्यांची बेरीज मारायचा. हात सवयीचा असतो, माझाही होता.

नव्या परीक्षेत मला नऊ पडले. त्याला सात. महिनाअखेर मालकांनी मला आत बोलावलं आणि खुर्ची दिली.

बायको खूश झाली. मीही झालो, हे लपवत नाही. पण तपासायचा माल जोडीदारच घेऊन येतो. पहिल्या दिवशी झाकणांचा क्रेट टेबलावर आदळून म्हणाला, "साहेब, पास करा नायतर नापास. तुम्हाला दोन्ही येतं."

मी उठून उभा राहिलो. आजही तो आला की उठतो.

"अरे, उभा कशाला राह्यतोस?" तो म्हणाला. "गुडघ्यासाठी पाडलंस ना मला? मग बस की."

मी बसलो आणि झाकणं मोजायला घेतली.