साठ शब्द आणि काखेतला डाग

बदनापूरला गंधालीच्या घरी कधीही जा, हॉलच्या भिंतींवर कागद चिकटवलेले असायचे. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील एवढ्या उंचीवर, ओळीने. नवीन पाहुणा बावचळायचा. घरच्यांना सवय झाली होती.

कामच तसं होतं बाईचं. फ्रान्समधल्या संग्रहालयांत वस्तूंशेजारी लावायच्या पाट्या आणि हेडफोनवर ऐकवायचं निवेदन ती फ्रेंचमधून इंग्रजीत आणायची, आणि आणताना निम्म्याहून कमी करायची. भिंत एकच, भाषा दोन, आणि बघणाऱ्याचे पाय दुखत असतात. दीडशे फ्रेंच शब्दांचे साठ इंग्रजी शब्द, त्याहून एक जास्त नाही. फ्रेंच विद्वान मंडळींना तीन वळणं घेतल्याशिवाय मुद्द्यावर येणं अपमानाचं वाटतं, त्यामुळे कात्री चालवायला जागा भरपूर. धोकाही तिथंच.

आजवर पुण्याच्या एका एजन्सीमार्फत तुकडा तुकडा काम यायचं. या वेळी फ्रान्समधल्या एका लहान गावातल्या कापड संग्रहालयाने थेट तिलाच एका दालनाचं काम दिलं होतं. पसंत पडलं तर पुढची सगळी दालनं तिची. नाही तर पुण्याला त्याच एजन्सीत नोकरी, ती तिने जवळजवळ कबूलही केली होती, म्हणजे नवऱ्याशी फक्त रविवारी भेट. शौनक इथल्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायचा. तूर काही पुण्याला हलणार नव्हती.

दालन होतं हिंदुस्थानातून गेलेल्या छापील सुती कापडांचं. फ्रान्सच्या राजाने त्यांच्यावर सत्तरेक वर्षं बंदी घातली होती, तरी लोक चोरून घालतच राहिले. गंधालीने झपाट्याने पाट्या आवळल्या. बंदी ठेवली, राजा ठेवला, फुलापानांची नक्षी ठेवली. शिवण उसवून पुन्हा घातलेली, काखेत घामाचा डाग, काठ झिजलेला, असली वर्णनं पाटीमागून पाटी येत होती. ती फापटपसारा म्हणून उडवली. प्रत्येक पाटी देखणी झाली. ती स्वतःवर बेहद्द खूश होती.

पाठवण्याआधी तिचा एक नेम असायचा. थोरली जाऊ वंदना, शाळेत इंग्रजी शिकवणारी, तिला भिंतीवरचं सगळं उभ्यानेच वाचायला लावायचं, आणि मग न बघता सांगायला लावायचं.

"थांब गं, वाचून राह्यले," म्हणत वंदना शेवटच्या कागदापर्यंत गेली. "झालं. फ्रान्सच्या लोकांना आपलं कापड लई सुंदर वाटायचं. बराबर?"

गंधालीने मूळ फ्रेंच पानं पुढे ओढली. बराबर नव्हतं, बरोबर उलटं होतं! दालन मांडणाऱ्या ओदीलबाईंचं म्हणणं एवढंच होतं की ही कापडं कुणी कला म्हणून घेतलीच नाहीत. हलकी, धुतली तरी रंग न सोडणारी, म्हणून घेतली आणि फाटेस्तोवर वापरली. त्यांना कला केलं ते नंतरच्या संग्राहकांनी. डाग, झीज, उसवण हा पसारा नव्हता, तोच पुरावा होता. तिने पुरावा फेकून देऊन सजावट सांभाळली होती.

"ताई, मी वाट लावली सगळ्याची."

"मंग पुन्हा कर. अजून पाठवलं तर न्हाई ना?"

तिने सगळे कागद उतरवले. या वेळी आधी पूर्ण दालनाचं म्हणणं एका वाक्यात लिहिलं आणि प्रत्येक पाटीला विचारलं, तू यातलं काय सिद्ध करतेस? त्या उत्तराला हात लावायचा नाही. बाकी सगळं जाऊ शकतं. राजा एका पाटीपुरता उरला. 'सुंदर' हा शब्द सगळीकडून गेला. ओदीलबाई जिथे 'बहुधा' म्हणाल्या होत्या तिथे 'बहुधा' राहिलं, जागा खात असलं तरी, कारण त्यांची खात्री जेवढी होती तेवढीच दाखवायला हवी. निवेदनात तिने पाटीवरचंच पुन्हा सांगणं टाळलं. ऐकणाऱ्याचे डोळे मोकळे असतात, म्हणून शेवटच्या, एका बाईच्या जाकिटाच्या निवेदनाची सुरुवातच केली: 'डाव्या बाहीखाली बघा.' मग थोडी शांतता, आणि मगच म्हणणं.

वंदना पुन्हा भिंतीसमोरून फिरली. शेवटच्या कागदापाशी थांबली.

"बिचारी," ती म्हणाली.

"कोण?"

"ती जाकिटवाली. किती वर्षं वापरलं तिनं ते. घामाचा डाग काय कौतुकानं ठेवलेल्या कपड्याला पडतो का? आता काचेत ठेवून राह्यले तर त्याला कला म्हणायचं!"

गंधालीने तिला मिठीच मारली.

ओदीलबाईंचं उत्तर आठवड्याने आलं. एका पाटीत तारीख दुरुस्त करायला सांगितली होती. त्याखाली लिहिलं होतं की, तुमचं इंग्रजी वाचून मी माझ्या फ्रेंच पाट्यांतूनही तीन परिच्छेद काढून टाकले. आता माझं म्हणणं मलाही नीट दिसतंय. पुढचं दालन सोबत जोडलं आहे.

शौनक केंद्रातून आला तेव्हा गंधाली खुर्चीवर चढून नवे कागद चिकटवत होती.

"पुण्याला काय कळवायचं?" त्याने दारातूनच विचारलं.

"कळवलं," ती म्हणाली. "दोन शब्दांत."