दादाचं ओपनर

उकळबाई हे नाव तिला इस्पितळात पडलं आणि तिने ते बक्षिसासारखं मिरवलं. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीची ती प्रमुख सिस्टर होती. चिमटा असो वा कात्री, तिने उजेडात धरून पाहिल्याशिवाय ती खोलीबाहेर जात नसे. मोठमोठे डॉक्टर तिच्या दारात चपला काढून उभे राहत. निवृत्त झाली तरी नाक निवृत्त झालं नाही. स्वतःच्या दोन खोल्या तिने अशा ठेवल्या होत्या की पाहुणा बसताना आधी खुर्चीकडे आणि मग स्वतःच्या कपड्यांकडे बघायचा.

तिचा सख्खा थोरला भाऊ म्हणजे याच्या बरोब्बर उलट. वहिनी गेल्यापासून तो एकटा राहत होता आणि दुकानातल्या सीलबंद पत्र्याच्या डब्यांवर जगत होता. मटारचा डबा, माशांचा डबा, शिजवलेल्या घेवड्याचा डबा. डबा उघडायचा, गरम करायचा, खायचा. भांडी विसळणं हे त्याच्या लेखी भांडी घासणंच होतं. म्हणून उकळबाई त्याच्याकडे फारशी जात नसे, आणि गेलीच तर पाणीसुद्धा पीत नसे.

त्या दिवशी जावं लागलं, कारण भाचीचा फोन आला. दादाचं ओपनर चालेना, म्हणून त्याने सुरीचं टोक डब्यात खुपसलं आणि सुरी घसरून डावा तळहात कापून घेतला. उकळबाई पोचली तेव्हा हाताला पट्टी होती, आणि पट्टीवर घेवड्याचा रस्सा.

"आत्या, आता बास," भाची म्हणाली. पलंगावर बॅग उघडी टाकून ती वडिलांचे कपडे भरत होती. "बाबांना एकटं ठेवायचं नाही. माझ्याकडे मुलांनाच जागा पुरत नाही. पण तुझ्याकडे पुढची खोली रिकामीच असते ना?"

 उकळबाईच्या डोळ्यांसमोर तिचं पांढरं बेसीन आलं आणि त्यात दादाचा कंगवा. 

"तुझे बाबा काय म्हणतात?"

"बाबा काय म्हणणार! साधा डबा उघडता येत नाही त्यांना."

"डबा उघडता येतो मला," दादा कोपऱ्यातून म्हणाला. "ओपनर म्हातारं झालंय. मी नाही."

"दोघंही झालात. मी टॅक्सीवाल्याला सांगून येते," असं म्हणत भाची खाली गेली.



"तुला मी नकोय," दादा म्हणाला.

"नकोच आहेस."

"मलाही तू नकोस. तुझ्या घरात औषधासारखा वास येतो. झोप लागत नाही माणसाला."

"तो स्वच्छतेचा वास आहे. तुला ओळखू येणार नाही. कुठाय ते ओपनर?"

दादाने खण उघडला. उकळबाईने ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि खिडकीपाशी नेलं. पुढची काही मिनिटं तिने श्वास तोंडानेच घेतला.

एका स्क्रूवर जोडलेल्या दोन दांड्या. एकीला झाकण कापणारी धारदार चकती, दुसरीला खालचं दातेरी चाक आणि ते फिरवायचा कान. पण चाकाला दाते होते हे आठवूनच म्हणायचं. दात्यांमधल्या खाचा काळ्या चिकट लगद्याने लिंपून गेल्या होत्या. चकतीवर वाळलेला लाल थर होता, त्याखाली पिवळा, आणि त्याच्याही खाली माशाचं काहीतरी, ज्याला अजून वास होता.

"शी! अरे, हे घासतोस कधी?"

"ओपनर कशाला घासायचं? ते डब्याला बाहेरून लागतं."

"बाहेरून? ही चकती झाकणातून आत जाते, तुझ्या घेवड्यात बुडते, आणि मग आठवडाभर या खणात झुरळांबरोबर लोळते!"

"एकच झुरळ होतं."

"आणि हा चिकटा कसला?"

"तेल. जड फिरायला लागलं की मी कढईतलं थेंबभर घालतो. थोडे दिवस बरं चालतं."

उकळबाईने डोळे मिटले. इस्पितळात कोणी तळणीचं तेल हत्याराला लावलं असतं तर तिने त्याला त्याच कढईत बसवलं असतं. ते तेल आटून डिंक होतं, डिंकावर अन्न बसतं, आणि पुन्हा जड झालं की हा पुन्हा तेल घालतो. दाते भरले, मग डब्याची कड धरायची कोणी?

तिने पदर खोचला. पाणी खळखळ उकळलं, त्यात भांड्यांचा साबण टाकला आणि ओपनर बुडवून ठेवलं. पाणी तपकिरी झालं, वर तवंग आला. तो वास वर्णन करण्यासारखा नव्हता. मग दाढीच्या आरशामागे सापडलेला जुना दातांचा ब्रश घेऊन ती घासायला बसली. खाचांमधला लगदा ब्रशला दाद देईना. तेव्हा तिने टाचणीने एकेक खाच टोकरली. काळ्या अळ्यांसारखे तुकडे कागदावर पडत गेले.

"हे तू खाल्लंस," ती म्हणाली.

"मेलो तर नाही."

"तेच आश्चर्य."

दाते लखलखीत निघाले. चकतीही बोटाच्या टोकाने सुळकन फिरू लागली. तिने ओपनर खडखडीत पुसलं आणि एका रिकाम्या डब्याच्या अखंड तळावर लावून पाहिलं. चाकाने कड धरली, फिरलंही, पण चकती नुसता वरवर ओरखडा काढत गेली. कापलं काहीच नाही.

खालून भाचीचा आवाज आला. 

"दांड्या हलवून बघ," दादा हळूच म्हणाला. "आडव्या."

तिने हलवल्या. दोन्ही जोडापाशी डुगडुगत होत्या. दाबलं की चकती चाकापासून बाजूला सरकत होती, मग ती पत्र्यात घुसणार कशी! दादाने स्क्रूमागचा चिमुकला नट पकडीने धरला, तिने स्क्रू आवळला. जोर जरा जास्तच झाला आणि दांड्या उघडेचनात.

"तू प्रत्येक गोष्ट अशीच आवळतेस," दादा म्हणाला.

"गप्प बस." तिने स्क्रू किंचित सैल केला. दांड्या उघडल्या, मिटल्या, डुगडुगल्या नाहीत.

भाची वर आली. "चला बाबा, टॅक्सी थांबलीय."

"आधी त्याला जेवू दे," उकळबाई म्हणाली आणि मटारचा डबा दादासमोर ठेवला.

त्याने पट्टीच्या हाताने दांड्या दाबल्या. भाची पुढे झाली, तशी आत्याने तिला हाताने अडवलं. टच्च आवाज झाला, चकती पत्र्यात घुसली. दादाने उजव्या हाताने कान फिरवला आणि डबा आपल्या पायाने चालावा तसा गोल फिरत गेला. झाकण सुटलं. कुठे दाता नाही, चीर नाही.

"सुरी लागली नाही," दादा म्हणाला.

भाचीने झाकण उचलून त्याची कड उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "हाताची जखम भरेपर्यंत मी रोज येईन. आणि पुन्हा हा प्रकार झाला, किंवा आत्या म्हणाली की तुमचं तुम्हाला जमत नाही, तर मी एक शब्द ऐकणार नाही." ती पलंगापाशी गेली आणि बॅगेतून कपडे काढून परत कपाटात ठेवू लागली.

दादाने आनंदाने ओपनर उचललं. चकतीवरून मटारचं हिरवं पाणी ओघळत होतं. त्याने बनियनचं टोक ओढलं, चकतीला एकदा इकडून, एकदा तिकडून चोळलं, आणि ओपनर ओलंच खणात टाकलं.

उकळबाईचं तोंड उघडलं. कपाटापाशी भाचीचा हात थांबला.

"काय गं आत्या? काही म्हणालीस?"

बनियनवर हिरवा डाग पसरत होता. उकळबाईने तोंड मिटलं.

"छे," ती म्हणाली. "छान चाललंय त्याचं."