बावीस दिवसांमागे दोन

माझ्यासारख्याने स्वतःविषयी लिहावे, हे धारिष्ट्यच आहे. आमच्या सातपुड्यातल्या घरात माझ्याआधी कोणी पाटीसुद्धा धरली नव्हती. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पुण्याच्या कॉलेजात माझे एक सत्र हजेरीअभावी अपुरे राहिले आणि मी तालुका कचेरीत कारकून झालो. पुढे प्राचार्यांचे पत्र आले : सत्राच्या अखेरीस येऊन हजेरी पुरी केलीत, तर परीक्षेला बसू देऊ. जाण्यायेण्यासह नेमके तीस दिवस लागणार होते. परीक्षा नंतर होती, तिच्यापुरती किरकोळ रजा शिल्लक होती.

मी निर्धास्त होतो. अकरा महिने नोकरी केली की एक महिना हक्काची रजा, एवढे मला ठाऊक होते. निघण्याच्या दिवशी नोकरीला तीनशे तीस दिवस पुरे होत होते.

अव्वल कारकुनांनी अर्ज पाहून हजेरीपुस्तक उघडले.

"श्रावणात कुठे होतात?"

"तापाने घरी होतो, रावसाहेब."

ताप सात दिवसांत उतरला होता. पण आमच्याकडे दुखण्यातून उठलेल्याने देवपूजा झाल्याशिवाय गावची नदी ओलांडायची नसते. पूजा सांगणारा बडवा दुसऱ्या पाड्यावर अडकला. "पंधरा दिवसांनी काय बिघडतं? कचेरी काय पळते?" असे म्हणून आई दारात बसून राहिली. तिला ओलांडून जाणे मला जमले नाही.

"ते बावीस दिवस बिनपगारी रजेत गेले," अव्वल कारकून म्हणाले. "रजा कामावरच्या दिवसांवर मिळते, अकरा दिवसांमागे एक. तीनशे आठ दिवस भरले. अठ्ठावीस मिळतील."

"दोन दिवस किरकोळ रजेतून..."

"ती हक्काच्या रजेला जोडता येत नाही."

शेजारच्या टेबलावरचे नंदुरबारकडचे वयस्क कारकून हसले. "भाऊ, ताप तुन्हा, पूजा तुन्ही, आते रजा बी तुन्हीच गयी!" मग माझा चेहरा पाहून त्यांनी पानाचा डबा पुढे सरकवला.

ते दोन दिवस कमवायचे तर आणखी बावीस दिवस काम करायला हवे होते. तोवर कॉलेजातली हजेरी भरण्याचे दिवस निघून जाणार होते. परवानगीशिवाय दोन दिवस जास्त राहिलो, तर नोकरी जाणार; आणि घरात रोख पगार माझाच. मी दोन दिवसांच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला. तो वर धुळ्याला गेला. तोवर जागा सोडू नये, असे अव्वल कारकुनांनी बजावले.

वसुलीचे दिवस होते. खातेदार खिडकीशी दाटत आणि मी मान खाली घालून पावत्या लिहीत बसे. टपालवाला आला की हात थांबे. निघण्याचा दिवस गेला. त्यानंतरचा प्रत्येक दिवस माझ्या रजेत भर घालत होता आणि कॉलेजच्या हजेरीतून वजा होत होता.

निघण्याचा दिवस उलटल्यावर तेराव्या दिवशी अव्वल कारकुनांनी मला बोलावले. कागद माझ्याकडे न देता त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. दोन दिवसांची बिनपगारी रजा मंजूर झाली होती.