लिफ्टवाल्याचा दम

आमच्या लिफ्टवाल्याचा कुणावरही विश्वास नाही. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण स्वतः जिन्याने चढतो. "आत काय असतं ते मला माहीत आहे," म्हणतो. दूध पातळ लागलं की दूधवाल्याच्या आधी बायकोकडे बघतो. डॉक्टरने दोन गोळ्या दिल्या तर तो एकच घेतो, दुसरी नक्कीच कुणाच्या तरी फायद्याची असणार. अशा माणसाशी माझी एवढी वर्षं मैत्री कशी टिकली, हे मलाच कोडं आहे.

मी घड्याळं दुरुस्त करतो. म्हणून आमच्या धावण्याच्या क्लबात स्टॉपवॉच माझ्या हातात आलं आणि तिथेच राहिलं. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही दहा-बारा जण जमतो. कुणी शिंपी, कुणी कारकून, सगळे हौशी. वर्षातून एकदा क्लबांची रिले असते, चार जणांनी पाच-पाच किलोमीटर पळायचं. शेवटचा टप्पा अकरा वर्षं लिफ्टवाल्याचा होता. घरात, कामावर कुठेही त्याची फारशी कुणी दखल घेत नाही. त्या टप्प्यात मात्र लोक त्याच्या नावाने ओरडतात. त्यासाठी तो वर्षभर जगतो म्हटलं तरी चालेल.

यंदा ती जागा डळमळली. एकवीस मिनिटांत पाच किलोमीटर मारणारा गडी बावीसच्या पुढे जायला लागला. चारशे मीटरच्या सहा फेऱ्या आणि मध्ये दीड मिनिट आराम, असा आमचा सराव असतो. पूर्वी एक मिनिट थांबला की त्याची नाडी एकशे अठ्ठावीसवर उतरायची. आता मिनिटानंतरही ती एकशे साठवरच. चौथ्या फेरीला तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला असे, आणि बाकीचे पुन्हा रेषेवर उभे. रविवारी पळालेले पाय बुधवारपर्यंत दुखत.

चौथ्या जागेसाठी दुसरा उमेदवार होता माझा भाचा. चोवीस वर्षांचा, बँकेत कामाला. एवढं कळल्यावर लिफ्टवाल्याच्या डोक्यात काय शिजलं असेल ते सांगायला नको.

"घड्याळ्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या वेळेला तुझा अंगठा जड होतो का रे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या धंद्यावर, माझ्या हातावर संशय! "स्वतःचं घड्याळ आण," मी म्हणालो, "आणि शिंप्याच्या हातात दे. आपण दोघांची वेळ ताडून बघू."

त्याने खरंच आणलं. माझ्या दुकानातून नाही, हे वेगळं सांगायला नको. वर खिशातून बोटाला लावायचं चिमट्याचं यंत्र काढलं. "बघ, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. छाती ठणठणीत आहे. म्हणजे गडबड बाहेर आहे."

गडबड कुठे आहे ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर तक्रारींचा फोन घ्यायचं काम आलं, तेव्हापासून तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीमागे सिगारेट ओढायला लागला. दिवसाला आठ-दहा. घरी कुणाला पत्ता नव्हता. त्याचं मनगटी घड्याळ सफाईला माझ्याकडे यायचं, आणि पट्ट्यात वास मुरलेला असायचा. मी काही बोललो नाही. ज्याचं त्याने बघावं, असं स्वतःला सांगितलं.

त्याची थोरली बहीण छातीच्या दवाखान्यात नर्स आहे. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. गुरुवारी तो तिच्याकडे निघाला, "छाती चांगली आहे असं कागदावर लिहून दे" म्हणायला. मला साक्षीदार म्हणून सोबत नेलं. बहिणीवरही विश्वास नाही ना!

ताईने चिमटा बघितला आणि बाजूला ठेवला. ड्रॉवरमधून मुठीच्या आकाराचं दुसरं यंत्र काढून त्यावर कागदी नळी बसवली. "श्वास आत घे. पंधरा सेकंद धर. आता सावकाश सोड."

आकडा आला एकवीस.

"किती ओढतोस?" ताईने विचारलं.

"मी? छे!"

"मग हा धूर कुठून आला?"

तो माझ्याकडे वळला. "आता ह्याला फुंकू दे."

मी फुंकलं. दोन.

"तुम्ही दोघांनी आधीच ठरवलंय," तो म्हणाला. त्याही परिस्थितीत मला हसू आलं. ताईला मात्र आलं नाही.

"बाळ्या, ऐक. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनच्या जागा अडवून बसतो. ज्या जागा उरतात, त्याही ऑक्सिजन स्नायूंना सहज सोडत नाहीत. मग हृदयाला जास्त धावावं लागतं आणि पाय लवकर भरून येतात. थांबल्यावर नाडी उतरत नाही ती उगाच नाही."

"पण अठ्ठ्याण्णव?"

"तुझा चिमटा रक्ताचा रंग बघतो. त्याला ऑक्सिजन आणि हा वायू दोन्ही सारखेच दिसतात. तो दोघांना एकत्र मोजतो आणि तुला खूश करतो."

यंत्र उलटंसुलटं करून लिफ्टवाल्याने बॅटरीचं झाकणही उघडून पाहिलं. मग म्हणाला, "मी आजपासून ओढत नाही. रविवारी निवड आहे, त्याआधी शनिवारी परत फुंकतो. मशीन खोटं असेल तर आकडा हलणार नाही."

दोन दिवस त्याने कसे काढले ते त्याच्या बायकोला विचारावं. शनिवारी आकडा आला तीन.

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे उद्या मी मोकळा!"

"वायू गेलाय," ताई म्हणाली. "पण दोन वर्षं धूर खाल्लेली छाती दोन दिवसांत सुधारत नाही. दम परत यायला आठवडे लागतील, कदाचित महिने."

यावर त्याने विश्वास ठेवला नाही, अर्थातच.

रविवारी निवड होती. माझं घड्याळ माझ्या हातात, त्याचं शिंप्याच्या. तीन किलोमीटरपर्यंत तो भाच्याच्या खांद्याला खांदा लावून होता. चौथ्यात तोंड उघडलं. पाचव्यात अंतर पडत गेलं आणि तो नुसता जिद्दीवर पळत राहिला. भाचा एकवीस एकतीस. लिफ्टवाला एकवीस चाळीस. शिंप्याने दुसरं घड्याळ वर धरून दाखवलं, तिथेही तेच आकडे. नऊ सेकंद.

मला वाईट वाटलं, आणि भाच्याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

सगळे गेल्यावर लिफ्टवाला कठड्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ श्वास जागेवर येत नव्हता.

"चुकलो," तो म्हणाला. "तुझ्यावर आळ घेतला. घड्याळ बरोबर होतं."

"जाऊ दे."

मग ती ओळखीची आठी त्याच्या कपाळावर आली. "माझं घड्याळ तू वर्षातून दोनदा उघडतोस. पट्टा पुसतोस. तुला वास नाही आला?"

मला खोटं बोलता आलं असतं. सर्दी होती म्हणालो असतो.

"आला," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला माझा भाचा बॅग भरत होता. मी तिकडे बघितलं, आणि मी बघितलेलं त्याने बघितलं.

"तू खरंच घड्याळ फिरवलं असतंस तर बरं झालं असतं," लिफ्टवाला म्हणाला. "ते मी पकडलं असतं."